पनीर आणि दह्याचा दर: दूध मोजून नव्हे, विकला गेलेला माल मोजून

प्रश्न (एक दूध उत्पादक, ता. अहमदपूर, जि. लातूर): "साहेब, तीन म्हशी अन् दोन संकरित गायी आहेत. रोज म्हशीचं २० लिटर अन् गायीचं २० लिटर दूध निघतं. संकलन केंद्रावर म्हशीला ५४ अन् गायीला ३३ रुपये पडतात. रस्त्यावरचा हॉटेलवाला म्हणतो, पनीर ३०० रुपये किलोनं दे, दही ६० रुपये किलोनं दे. घरी करून बघितलं तर म्हशीच्या १० लिटरला २ किलो पनीर उतरलं. पाच लिटरचं एक किलो, म्हणजे २७० ला पडलं अन् ३० रुपये सुटले. हा हिशेब बरोबर हाय का? दह्याचा भाव कसा लावावा?"

उत्तर:

दुधाची किंमत तुम्ही केंद्राच्या दराने धरली, हे योग्य केलेत. बरेच जण घरचे दूध फुकटचे समजतात आणि ढेप-कडब्याचा खर्च वेगळा मांडत बसतात, मग त्यात गोंधळ होतो. ज्या दुधाचे उद्या सकाळी ५४ रुपये मिळणारच आहेत, ते ५४ रुपयांचेच. दहा दिवसांच्या हप्त्याच्या बिलावरचा सरासरी दर घ्या, एखाद्या दिवशी फॅट जास्त लागली म्हणून मिळालेला दर घेऊ नका.

तुमचा उताराही खोटा नाही. साधारण ६ फॅटच्या म्हशीच्या दुधाचे वजनाच्या १९ ते २१ टक्के पनीर निघते. १० लिटर म्हणजे १० किलो ३०० ग्रॅम दूध, त्यामुळे २ किलो हा घरगुती पातळीवर बरा उतारा आहे. चूक पुढे आहे. २ किलो हे दाबणीतून काढल्याबरोबरचे वजन. हॉटेलवाला पैसे देणार ते त्याच्या काट्यावरच्या वजनाचे. मधली घट कुणीतरी सोसायची आहे, आणि आजच्या दरात ती तुम्हीच सोसताय.

म्हशीचे सगळे २० लिटर दूध एका दिवसाला पनीरला घातले असे धरून पाहू. दुधाचे झाले १०८० रुपये. दाबणीतून ४ किलो वडी निघाली. ती थंड पाण्यात ठेवून निथळली, कडा कापून तुकडे सारखे केले, चुरा बाजूला पडला. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली की पिशवीच्या तळाला पाणी साचते, तेही वजनातूनच जाते. सगळे मिळून पाच टक्के घट धरा, म्हणजे विकायला ३ किलो ८०० ग्रॅम उरले. चुरा भुर्जीसाठी कमी दराने जाईल किंवा घरी खपेल, पण दर ठरवताना तो मोजू नका.

आता दुधाव्यतिरिक्तचा खर्च. गॅस सुमारे २५ रुपये, सायट्रिक ॲसिड ८, बर्फ आणि वीज २०, कापड व भांडी धुणे १०, पिशव्या १५, पोचवायचे पेट्रोल ३०. हे झाले १०८. घरच्या माणसाचे दोन तास जातात, त्याचे १२० रुपये धरलेच पाहिजेत. वहिनी किंवा आई करते म्हणून ते काम फुकट होत नाही. एकूण खर्च १३०८ रुपये. त्याला ३.८ ने भागले की किलोला ३४४ रुपये येतात. त्यातही रोज सगळा माल जाईल असे नाही. एखाद्या दिवशी हॉटेलवाला "आज नको" म्हणेल, एखाद्या दिवशी लाईट जाईल. वीस किलोत एक किलो असा वाया जातो असे धरले, तर विकलेला माल ३ किलो ६१० ग्रॅम आणि पडता दर ३६२ रुपये.

३०० च्या दराने ३.८ किलो सगळेच्या सगळे विकले तरी ११४० रुपये हातात येतात. दुधाच्या दरापेक्षा फक्त ६० रुपये जास्त, आणि त्यात गॅसपासून मजुरीपर्यंतचे २२८ रुपये भागवायचे. म्हणजे रोज १६८ रुपयांचा तोटा. या दराने पनीर देण्यापेक्षा म्हशीचे दूध केंद्रावर घातलेले बरे. हॉटेलला ३८० आणि घरगुती गिऱ्हाइकाला ४०० रुपये मागा. ३८० लाही नफा फार नाही, वायाचा माल धरून दिवसाला साठ-पासष्ट रुपये. त्याच्याखाली उतरायचे असेल तर ज्या भावाने दूध विकताय तेच चालू ठेवा.

हॉटेलवाला म्हणेल, बाजारात २२०-२५० ने मिळते. मिळत असेल, पण तो माल बहुधा वनस्पती तेल आणि दूध पावडर घालून केलेला असतो, आणि कायद्याने त्याला पनीर म्हणून विकता येत नाही. त्याच्या दराशी तुमच्या दराची तुलना करू नका. ज्याला तेच हवे आहे, तो तुमचे गिऱ्हाईक नाही.

गायीचे दूध मिसळले तर? गायीच्या १० लिटरला साधारण दीड किलोच पनीर निघते. निम्मे-निम्मे मिसळून वरच्याच पद्धतीने हिशेब केला तर पडता दर ३४८ च्या आसपास येतो, म्हणजे किलोमागे चौदा-पंधरा रुपयांची बचत. पण वडी मऊ होते, कापताना चुरा वाढतो आणि रश्श्यात तुकडा फुटतो. हॉटेलवाल्याची पहिली तक्रार तीच येईल. मला हे फायद्याचे वाटत नाही.

उतारा कशाने कमी होतो, ते तुम्हाला निवळीच्या रंगावरून कळेल. फाटल्यानंतर पाणी स्वच्छ, हिरवट-पिवळसर दिसले तर काम नीट झाले. ते दुधट, पांढरे दिसले तर तुमची फॅट आणि प्रथिने त्या पाण्याबरोबर वाहून चालली आहेत. याचे कारण बहुतेकदा ॲसिड कमी पडणे किंवा दूध फार थंड झाल्यावर ते घालणे असते. दूध ९० अंशांपर्यंत तापवा, ७० ते ७५ अंशांवर येऊ द्या, मग २० लिटरला ४० ते ४५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड चार लिटर गरम पाण्यात विरघळवून बारीक धारेने घाला आणि हळू ढवळा. निवळी स्वच्छ दिसली की थांबा, उरलेले ॲसिड ओतून संपवायचे नसते. जास्त ॲसिडने किंवा जास्त उष्णतेत फाडल्याने पनीर कडक होते आणि वजनही कमी भरते. थर्मामीटर घ्या, अंदाजाने दोन-तीन अंश चुकतात, कधी दहाही.

उलटा मोहही होतो: कमी दाबायचे, म्हणजे पाणी राहते आणि वडी ४ किलो ३०० भरते. अन्न सुरक्षा नियमांत पनीरमध्ये ६० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. शिवाय ते जास्तीचे पाणी वाटेतच गळते, हॉटेलच्या काट्यावर वजन तुमच्या चिठ्ठीपेक्षा कमी दिसते, आणि भांडण वजनाचे न राहता विश्वासाचे होते.

दह्याचे चित्र वेगळे आहे, कारण दह्यात निवळी फेकावी लागत नाही. गायीचे २० लिटर दूध म्हणजे ६६० रुपये आणि २० किलो ६०० ग्रॅम. उकळून दहा मिनिटे ठेवले की सातशे-आठशे ग्रॅम वाफेने जाते. भांड्याला, पळीला, कापडाला तीनशे ग्रॅम लागते. विरजण जेवढे घातले तेवढेच उद्यासाठी काढून ठेवायचे, म्हणून ते जमा-खर्चात घेऊ नका. हलवाहलवीत वर पाणी सुटते, ते काढून टाकल्यावर विकायला सुमारे १९ किलो उरते. लिटरमागे ९५० ग्रॅम हा आकडा लक्षात ठेवा. हॉटेलला १२ किलो दही हवे असेल तर साडेबारा ते तेरा लिटर दूध विरजायला लागेल, बाकीचे केंद्रावर घालता येईल.

हॉटेलच्या स्टीलच्या डब्यात सुट्टे द्यायचे असेल तर गॅस ३०, बर्फ-वीज २५, धुणे १०, पेट्रोल ३० आणि दीड तासाची मजुरी ९०, म्हणजे दुधासकट ८४५ रुपये. १९ किलोंना किलोमागे साडेचव्वेचाळीस. ६० च्या दराने ११४० मिळतील, शिल्लक २९५. दहा टक्के दही परत आले किंवा आंबले तरी १७ किलो १०० ग्रॅमचा पडता दर ५० च्या आत राहतो आणि १८१ रुपये सुटतात. कप भरून विकायचे असतील तर अर्ध्या किलोच्या कपाचे तीन रुपये धरा, किलोला सहा वाढतात. ते घरगुती गिऱ्हाइकाच्या दरात टाका, हॉटेलच्या नको.

म्हणून माझा सल्ला असा: हॉटेलशी सौदा दह्याचा आधी पक्का करा, रोजच्या ठरलेल्या किलोंचा. पनीर मागणीनुसार, आदल्या दिवशी सांगितले तरच, आणि ३८० ने. श्रावणात आणि लग्नसराईत पनीरची मागणी वाढते, तेव्हा तोच हॉटेलवाला भाव फारसा ओढणार नाही.

दह्याची खरी अडचण उन्हाळ्यात येईल. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ४२ अंशांच्या वर पारा जातो, दही चार-पाच तासांत लागते आणि तसेच ठेवले की दुपारपर्यंत आंबट होऊन पाणी सोडते. पाण्याची घट दुप्पट होते. लागताच थंडीत हलवा, आणि त्या महिन्यांत लिटरमागे ९५० ऐवजी ९०० ग्रॅम धरा. दूधही तेव्हा कमी आणि महाग होते. दर बदलायचा तेव्हा पुन्हा सगळी आकडेमोड करायला नको: दुधात १ रुपया वाढला की पनीरमध्ये किलोमागे साडेपाच आणि दह्यात एक रुपयापेक्षा किंचित जास्त वाढवा. सौदा करतानाच हे हॉटेलवाल्याला सांगून ठेवा.

मी दिलेले आकडे तुमच्या गॅसचे, तुमच्या फॅटचे नाहीत. पंधरा दिवस वही ठेवा: दूध लिटरने नव्हे किलोने तोला, पनीर दाबणीतून काढल्यावर, सकाळी निघताना आणि हॉटेलच्या काट्यावर असे तीनदा तोला. पहिल्या आणि तिसऱ्या वजनातला फरक तुमची घट. ती पाच टक्क्यांऐवजी आठ निघाली तर ३८० चे ३९५ करावे लागतील. आणि उधारी पंधरा दिवसांच्या वर नेऊ नका, कारण ढेपेवाला तुम्हाला तेवढी देत नाही. विक्री सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या. हॉटेलवाला बिल मागेल तेव्हा तो क्रमांक लागतो.