ओव्हरऑल ७.५ येऊनही आयईएलटीएस पुन्हा द्यावी का?

प्रश्न: कॅनडा पीआरसाठी (एक्स्प्रेस एंट्री) आयईएलटीएस जनरल दिली. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. ओव्हरऑल ७.५. निकाल तीन आठवड्यांपूर्वी आला. वय २९, अविवाहित, बीई, पाच वर्षांचा अनुभव (सगळा भारतातला). पुन्हा द्यावी का? दिली तर हीच द्यावी की पीटीई? ती सोपी आहे म्हणतात. आणि निकालाची दोन वर्षं नक्की कधीपर्यंत धरतात?

उत्तर:

पुन्हा द्या. तुमचं ओव्हरऑल चांगलं आहे, पण एक्स्प्रेस एंट्रीत ते कुणीच बघत नाही. तिथे चारही विभागांचं वेगवेगळं सीएलबीमध्ये, म्हणजे कॅनडाच्या भाषापातळीत, रूपांतर होतं. तुमचे तीन विभाग सीएलबी ९ ला पोहोचलेत आणि रायटिंग ८ वर अडकलंय. या अर्ध्या बँडची किंमत काय ते आकड्यांत मांडते, कारण मलाही ते उशिरा कळलं होतं.

आत्ताचा तुमचा सीआरएस, म्हणजे एक्स्प्रेस एंट्रीच्या क्रमवारीचे गुण, असा: वयाचे ११०, पदवीचे १२०, भाषेचे ३१, ३१, ३१ आणि रायटिंगचे २३ मिळून ११६. याशिवाय भाषा आणि पदवी यांच्या जोडीचे १३, भाषा आणि परदेशी अनुभव यांच्या जोडीचे २५. बेरीज ३८४. आता फक्त रायटिंग ७ धरा. रायटिंगचे २३ चे ३१ होतात, हे नुसते ८ गुण. खरी उडी जोडीच्या गुणांत आहे. चारही विभाग सीएलबी ९ झाले की पदवीच्या जोडीचे १३ चे २५ आणि अनुभवाच्या जोडीचे २५ चे ५० होतात. बेरीज ४२९. अर्ध्या बँडला ४५ गुण! एकही विभाग ९ च्या खाली राहिला तर ही उडी मिळत नाही, म्हणून एवढं ताणून सांगतेय.

४२९ वर सर्वसाधारण निवडफेरीत पीआरच्या अर्जासाठी बोलावणं येईल असं मात्र समजू नका. २०२४ मधल्या तशा फेऱ्या ५०० च्या पुढेच थांबल्या होत्या. प्रांताचं नामांकन मिळालं तर ६०० गुण वाढतात आणि बऱ्याच जणांची वाट तिथूनच जाते. पण प्रांतही भाषेकडे बघतात, त्यामुळे हा अर्धा बँड कुठल्याही वाटेवर लागणारच.

आता घाईचं काम. तुमच्याकडे फेरतपासणीचा पर्याय अजून आहे, पण तो परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवडेच असतो. निकालाला तीन आठवडे झाले म्हणजे परीक्षेला त्याहून जास्त झाले, तेव्हा तारीख आजच तपासा. यात फक्त रायटिंग निवडून ज्येष्ठ परीक्षकाकडून पुन्हा तपासून घेता येतं. बँड वाढला तर फी परत मिळते. बाकीचे तीन विभाग वर आणि एक लेखी विभाग अर्ध्या बँडने कमी, असं तुमच्यासारखं चित्र असेल तर मी हा अर्ज करीन. मात्र त्यावर विसंबून अभ्यास थांबवू नका. उत्तर यायला तीन आठवडेही लागू शकतात आणि बऱ्याचदा बँड आहे तोच राहतो.

पीटीईबद्दल. कॅनडाच्या पीआरला पीटीई अ‍ॅकॅडमिक चालत नाही, पीटीई कोअर चालते, आणि तीही २०२४ पासूनच. आयईएलटीएसचंही तसंच आहे, जनरल ट्रेनिंग चालते, अ‍ॅकॅडमिक नाही. तिसरी सेल्पिप जनरल, तिथे ९ म्हणजे सरळ सीएलबी ९. ‘पीटीई सोपी’ हे ऐकीव मत तुमच्या बाबतीत तर अजिबात लागू होत नाही. पीटीई कोअरमध्ये सीएलबी ९ साठी रीडिंगला ७८, लिसनिंगला ८२, स्पीकिंगला ८४ पुरतात, पण रायटिंगला ९० पैकी ८८ लागतात. तुमचं दुखणं रायटिंगचंच आहे. जिथे दोनच गुण सुटायची मुभा आहे तिथे जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. समोर माणूस बसला की ज्यांची बोलताना गाळण उडते, त्यांनी पीटीई किंवा सेल्पिपचा विचार करावा, कारण दोन्हीकडे माइकमध्ये बोलायचं असतं. तुमचं स्पीकिंग ७ आहे, तो प्रश्न तुम्हाला नाही. आयईएलटीएसवरच राहा.

आता माझं सांगते, कारण तुमच्यापुढे तोच खड्डा आहे. पहिल्या वेळी माझंही रायटिंग ६.५ होतं आणि लिसनिंग ८.५. मी दोन महिने फक्त निबंध लिहिले. लिसनिंग काय, ते येतंच, म्हणून हातही लावला नाही. दुसऱ्या वेळी रायटिंग ७ आलं आणि लिसनिंग ७.५ वर घसरलं. दोन निकाल, दोन्हींत मिळून सगळं होतं, पण एका निकालात सगळं नव्हतं. आणि दोन निकालांमधले चांगले विभाग निवडून जोडता येत नाहीत. त्या रात्री मी फार रडले होते. तिसऱ्या वेळी जमलं.

यात लिसनिंगचा एक बारकावा आहे जो लोकांना शेवटपर्यंत माहीत नसतो. रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगला सीएलबी ९ म्हणजे ७, पण लिसनिंगला ८. लिसनिंग ७.५ झालं की सीएलबी ८, आणि ७ झालं तर थेट सीएलबी ७! ‘चारही विभागांत सात’ हे ध्येय ठेवणारा माणूस म्हणूनच फसतो. तुमचं ८ अगदी काठावर आहे. चाळीसपैकी साधारण ३५ बरोबर आले की ८ मिळतो, म्हणजे एक-दोन उत्तरं जास्त चुकली की संपलं. ती जातात अनेकवचनाच्या शेवटच्या ‘एस’मध्ये आणि स्पेलिंगमध्ये. आठवड्याला दोन पूर्ण लिसनिंग पेपर सोडवत राहा आणि चूक कुठल्या जातीची होती ते वहीत लिहा.

रायटिंगसाठी मी क्लासमधले साचे सोडले तेव्हा फरक पडला. माझ्या क्लासमध्ये सुरुवात आणि शेवटाची वाक्यं पाठ करून घेत. परीक्षकाला ती ओळखू येतात आणि तुमची स्वतःची भाषा म्हणून त्यांचे गुण मिळत नाहीत. चार निकष असतात: विचारलेल्याला उत्तर दिलं का, मांडणी, शब्दसंपदा आणि व्याकरण. मी पहिल्याच निकषात मार खात होते. प्रश्न असायचा, ‘फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का?’ आणि मी दोन परिच्छेद फायदे, दोन परिच्छेद तोटे लिहून मोकळी व्हायचे. जास्त काय, ते कुठेच नसायचं. सात हवा असेल तर तुमची भूमिका पहिल्या परिच्छेदात दिसली पाहिजे आणि शेवटपर्यंत तीच टिकली पाहिजे. पत्रातही तसंच. प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्ही आले पाहिजेत, आणि मित्राला लिहिताना कचेरीतल्या अर्जाची भाषा नको. निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन आहे, म्हणून पत्र २० मिनिटांत हातावेगळं करा आणि ४० मिनिटं निबंधाला ठेवा.

व्याकरणात आपल्या लोकांचं हमखास चुकतं ते आर्टिकल, कारण मराठीत ती भानगडच नाही. ‘एन्व्हायर्न्मेंट’च्या आधी ‘द’ येतो, ‘नेचर’च्या आधी येत नाही, हे कानाला कळत नाही. मी प्रत्येक निबंध दुसऱ्या दिवशी फक्त आर्टिकलसाठी वाचायचे, दुसरं काही बघायचं नाही. सातव्या बँडला सगळं बिनचूक लागत नाही, पण बिनचूक वाक्यं वारंवार दिसायला हवीत. सुरुवातीला माझ्या पंधरा वाक्यांत पाच निर्दोष असायची. ती दहा-अकरा व्हायला सहा-सात आठवडे लागले. तुम्हीही असं मोजा. सलग चार निबंधांत बहुतेक वाक्यं स्वच्छ निघत नाहीत तोवर तारीख घेऊ नका, कारण फी आता सतरा-अठरा हजारांच्या आसपास आहे आणि दोन आठवड्यांत पुन्हा दिली तर बहुधा तोच ६.५ हाती येतो.

एकाच विभागाची फेरपरीक्षा हा प्रकारही तुम्हाला जाहिरातीत दिसेल. तो सगळीकडे ग्राह्य धरत नाहीत. कॅनडाच्या सरकारी पानावर तुमच्या योजनेसाठी तो चालतो असं स्पष्ट लिहिलेलं दिसल्याशिवाय त्यात पैसे घालू नका. बेत आखताना पूर्ण परीक्षा द्यायची आहे असंच धरा.

आता दोन वर्षांचं. निकाल दोन ठिकाणी जिवंत लागतो: प्रोफाइल भरताना, आणि बोलावणं आल्यावर पीआरचा अर्ज दाखल करता त्या दिवशी. अर्ज गेल्यानंतर मुदत संपली तर चालतं. गोंधळ होतो तो मधल्या काळात. समजा निकाल १४ नोव्हेंबर २०२४ चा आणि बोलावणं आलं १ ऑक्टोबर २०२६ ला. अर्जाला ६० दिवस मिळतात, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. पण निकाल १४ नोव्हेंबरला संपतो, तेव्हा प्रत्यक्षात हातात ४४ दिवसच उरले. त्यातच पोलीस क्लिअरन्स, जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं, बँकेची पत्रं गोळा करायची. म्हणून निकालाला दीड वर्ष झालं आणि बोलावण्याचा पत्ता नसेल, तर नवी परीक्षा तेव्हाच द्या. नवा निकाल कमी आला तरी जुना रद्द होत नाही. मुदतीत असेल तोवर जुनाच ठेवता येतो.

प्रोफाइल मात्र पुन्हा परीक्षा देण्याची वाट बघत अडवून ठेवू नका. पात्रतेचे गुण सीआरएसपेक्षा वेगळे मोजतात. तिथे १०० पैकी ६७ लागतात, तुमचे आजच्या निकालावरही ६९ होतात. आत्ता भरा, नवा निकाल आला की त्यात बदला. गुण सारखे असतील तेव्हा ज्याचं प्रोफाइल आधीचं त्याला आधी बोलावतात. आणि तुमचा तिसावा वाढदिवस कधी आहे ते बघा. त्या दिवशी वयाचे ११० चे १०५ होतील, पुढे दरवर्षी आणखी पाच-सहा जात राहतील.

तारीख निवडताना मी आठवा-नववा आठवडा धरीन आणि त्याच वेळी दुसऱ्या प्रयत्नाची फीही बाजूला काढून ठेवीन. पासपोर्ट त्या आधी संपत असेल तर नूतनीकरण आधी करा, कारण परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र म्हणून तोच लागतो, आणि त्यावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.