तू कुणाची पुतणी, कुणाची भाची

"बाबा, शाळेच्या वंशवृक्षात मी सगळ्यांना अंकल आणि आंटी असंच लिहिलं. पण फोनवर आत्या मला भाची म्हणाली आणि काका पुतणी म्हणाले. मी तर एकच आहे ना? मग दोघांतलं बरोबर कोण?"

प्रिय बाळा,

दोघंही बरोबर आहेत. मी आणि काका भाऊ-भाऊ, म्हणून तू त्यांची पुतणी. मी आणि आत्या भाऊ-बहीण, म्हणून तू तिची भाची. तुझ्या आणि त्या मोठ्या माणसाच्या मधे भावंडांची एक जोडी असते, तिच्याकडे बघायचं. जोडीत दोघेही भाऊ असतील तरच पुतण्या किंवा पुतणी. एक जरी बहीण असली तरी भाचा किंवा भाची. म्हणून मामाची तू भाची आणि मावशीचीही भाचीच. लग्न होऊन घरात आलेली माणसं आपल्या जोडीदाराचं नातं घेतात, त्यामुळे काकूची तू पुतणी आणि मामीची भाची.

भाऊ-भाऊ असले की वेगळा शब्द का, हे तू पुढे विचारशीलच. पूर्वी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जायची, तिची मुलं त्या घरची व्हायची. भाऊ मात्र एकाच घरात राहायचे. आडनाव एक, कुलदैवत एक, शेतजमीनही एकत्र. पुतण्या म्हणजे त्याच घरातला, वाटणीत हक्क असलेला मुलगा. भाचा कितीही लाडका असला तरी तो दुसऱ्या घरचा.

हे किती महत्त्वाचं होतं ते पेशव्यांच्या इतिहासात दिसतं. 1773 मध्ये पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. जीव वाचवायला ते रघुनाथरावांकडे धावले आणि "काका, मला वाचवा" असं ओरडले, अशी कथा सांगतात. रघुनाथराव हे नारायणरावांच्या वडिलांचे, म्हणजे नानासाहेबांचे भाऊ. 'काका' ऐकताच मराठी माणसाला कळतं की हा त्याच घराण्यातला, पेशवेपदावर हक्क सांगणारा माणूस आहे. नुसतं 'अंकल' वाचणाऱ्याला ते मामाही वाटू शकतात, आणि मामा तर दुसऱ्या घराण्यातला, त्याला या पदावर हक्क सांगता आला नसता. मग भांडण कशाचं होतं हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

आता उलटा प्रवास. तुझी मैत्रीण इंग्रजीत म्हणाली, "उद्या माझ्या अंकलचा मुलगा येणार आहे," आणि तुला ते आजीला मराठीत सांगायचंय. तुला ते सांगताच येणार नाही, आधी मैत्रिणीला विचारावं लागेल: हे अंकल आईकडचे की बाबांकडचे? सख्खे भाऊ आहेत की बहिणीचे यजमान? आईचा भाऊ असेल तर येणारा तिचा मामेभाऊ, बाबांचा भाऊ असेल तर चुलतभाऊ. आत्याचे यजमान असतील तर आतेभाऊ, मावशीचे असतील तर मावसभाऊ.

मराठीतही एका ठिकाणी जपून राहावं लागतं. मावशीच्या यजमानांना आपण काकाच म्हणतो, शेजारच्यांनाही काका म्हणतो. आत्याच्या यजमानांना कुणाकडे आतोबा म्हणतात, कुणाकडे काका, कुणाकडे मामा. तेव्हा हाक ऐकून नातं ठरवू नकोस, त्यांच्या मुलांकडे बघ. ज्यांची मुलं तुझी चुलत भावंडं, ते बाबांचे भाऊ. मावस भावंडं असतील तर ते मावशीचे यजमान. माझ्या मते ही खूण सगळ्यांत भरवशाची आहे, कारण भावंडांच्या नात्यात अशी सरमिसळ होत नाही. (जुन्या घरांत तर सून सासऱ्यांना 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणायची. महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालत असे, आणि तसं लग्न झालं की नवरीची सासू ही खरोखरच तिची आत्या असायची. पण लग्न बाहेरच्या घरात झालं तरी हाक तीच राहायची.)

तुझ्या वंशवृक्षात आंटी खोडू नकोस, पण शेजारी इंग्रजीतच 'बाबांची बहीण', 'आईच्या भावाची बायको' असं पूर्ण लिही आणि त्याखाली देवनागरीत आत्या, मामी. पुतणी आणि भाची लिहायला प्रत्येक नावापासून तुझ्यापर्यंत एक बाण काढ. काकांकडून येणाऱ्या बाणावर पुतणी, आत्याकडून येणाऱ्या बाणावर भाची. मामा, मामी आणि मावशीचे बाण तुझे तू भर, आणि रविवारी फोनवर मला वाचून दाखव.

तुझा,
बाबा