अंकगणिती श्रेढीचे उत्तर पहिल्या काही पदांवरून कसे पडताळावे?

प्रश्न: ७, ११, १५, १९, … या श्रेढीसाठी मला Sₙ = 4n² + 3n मिळाले. n = 1 ठेवल्यावर ७ येतात, मग उत्तर बरोबर आहे ना?

उत्तर: नाही, कारण n = 2 ठेवल्यास आपल्या सूत्रातून २२ येतात, तर पहिल्या दोन पदांची बेरीज ७ + ११ म्हणजे १८ आहे. आपण na + n(n−1)d असे लिहिले असावे आणि दुसऱ्या पदाला २ ने भागायचे राहिले असावे; n = 1 असताना (n−1) शून्य होत असल्यामुळे ही चूक तेथे दिसूच शकत नाही.

योग्य सूत्र 2n² + 5n असून त्यातून ७, १८, ३३ मिळतात आणि प्रत्यक्ष बेरजाही त्याच आहेत. n मधील दोन वर्गबहुपदी n च्या तीन वेगळ्या किमतींना जुळल्या की त्या एकच ठरतात, म्हणून बेरजेसाठी तीन किमती पुरेशा आहेत; tₙ = 4n + 3 सारख्या रेषीय सूत्राला दोनच पुरतात.

मात्र या पडताळणीतून n ची निवड तपासली जात नाही. ७ पासून ९९ पर्यंतची बेरीज काढताना (99 − 7) ÷ 4 = 23 हीच पदसंख्या धरली, तर सूत्र निर्दोष असूनही उत्तर चुकेल, म्हणून tₙ मध्ये n परत ठेवून पाहावे: t₂₃ = 95, t₂₄ = 99. त्यामुळे n = 24 आणि बेरीज १२७२ येते.