शिअर वॉलचं स्टील: 'मोठा भार घेतला की झालं' म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्न: शिअर वॉलच्या बाउंड्री एलिमेंटचं उभं स्टील सगळ्यात जास्त अक्षीय भाराच्या कॉम्बिनेशनवर काढलं तर चालतं ना? आणि बाउंड्री एलिमेंट किती मजल्यांपर्यंत न्यायचं?

नाही चालत. याच वाक्यावरून माझं आणि माझ्या तेव्हाच्या साहेबांचं आठ दिवस बोलणं बंद होतं, त्यामुळे उत्तर लांबेल. घाई असेल त्याने एवढंच वाचावं: ०.९ डेड लोड आणि १.५ भूकंप हे कॉम्बिनेशन काढून टाकू नका, तुमचं ताणाकडचं स्टील बहुतेक तिथेच ठरतं.

गोष्ट नाशिकचीच, पाथर्डी फाट्याकडची. स्टिल्ट अधिक बारा मजले. नाशिक झोन तीनमध्ये येतं, त्यामुळे 'इथे कुठला आलाय भूकंप' हे वाक्य मी साइटवर आणि ऑफिसात सारख्याच संख्येने ऐकलं आहे. लिफ्टला लागून एक वॉल होती, लांबी ४.६ मीटर, मधली जाडी २००, दोन्ही टोकांना ६०० बाय ४०० चे बाउंड्री एलिमेंट. काँक्रीट एम३०, सळई एफई५००. मधल्या भागात दोन्ही तोंडांना १० मिमीच्या उभ्या सळया २०० वर.

पायथ्याशी डेड लोड साधारण २००० किलोन्यूटन आणि भूकंपाचा मोमेंट ७००० किलोन्यूटन-मीटर. म्हणजे १.५ ने गुणून मोमेंट १०५००. भार मात्र दोन निघतात: १.५ डेड लोड धरलं तर ३०००, आणि ०.९ धरलं तर १८००. मोमेंट तोच, भार मात्र साठ टक्केच.

साहेबांनी ईटॅब्समधून प्रिंटआउट लहान व्हावा म्हणून ०.९ वाली कॉम्बिनेशन्स उडवली होती. 'डुप्लिकेट आहेत, मोमेंट तर तोच आहे ना?' असं त्यांचं म्हणणं. उरलेल्या सगळ्यात मोठा भार ३००० चा, त्यावर डिझाइन झालं आणि प्रत्येक टोकाला १० सळया १६ च्या आल्या. ड्रॉइंग साइटवर गेलं. राफ्टची जाळी बांधून झाली, वॉलचे स्टार्टर त्यात उभे राहिले, काँक्रीट अजून व्हायचं होतं.

मी त्या दिवशी फक्त सळया मोजायला गेलो होतो. एवढ्या लांब वॉलच्या टोकाला १६ च्या सळया डोळ्याला बारीक वाटल्या, म्हणून बीबीएसच्या मागे पेनाने हिशेब मांडला. हा हिशेब सगळ्यांना यायला हवा, सॉफ्टवेअर आहे म्हणून सोडू नये. दाबाकडच्या बाउंड्री एलिमेंटच्या मध्याभोवती मोमेंट घ्यायचे. भूकंप वॉलला त्या टोकाभोवती उलटवतो, आणि त्याला तीन गोष्टी अडवतात: वॉलवरचं वजन, मधल्या भागातलं स्टील आणि लांबच्या टोकाचं स्टील. पहिल्या दोघांचा हात मध्यापर्यंत, म्हणजे २ मीटर. लांबच्या टोकाचा हात ४ मीटर.

मधल्या ३.४ मीटरमध्ये सळई सुमारे २६७० चौ. मिमी. त्याला ०.८७ गुणिले ५००, म्हणजे ४३५ चा ताण धरला की ११६० किलोन्यूटन, आणि २ मीटरने गुणून २३२०. आता वजन. ३००० चा भार असेल तर वजन एकटंच ६००० अडवतं. दोन्ही मिळून ८३२० झाले, १०५०० पैकी उरले २१८०. ते ४ ने भागून ५४५ किलोन्यूटन, म्हणजे जेमतेम १२५० चौ. मिमी सळई. आयएस १३९२० बाउंड्री एलिमेंटमध्ये किमान ०.८ टक्के मागतो, म्हणजे १९२०. म्हणून १० सळया १६ च्या, २०१० चौ. मिमी. इथपर्यंत साहेब बरोबर.

आता तोच मोमेंट, भार १८००. वजन अडवतं ३६००, मधलं स्टील तेच २३२०. उरले ४५८०. ४ ने भागून ११४५ किलोन्यूटन, म्हणजे २६३० चौ. मिमी. जागेवर होती २०१०. त्या सळयांसह वॉलची ताकद मोजली तर साधारण ९४०० येते, मागणी १०५००.

मी फोन केला. साहेब म्हणाले, 'अरे, वरती एवढं वजन आहे, टोक उचललं जाईल कसं?' मी म्हटलं, सर, तेच तर विचारतोय, वजन कमी धरलं तर कसं उचललं जाईल ते बघा. त्यांच्या डोक्यात कॉलम होता. कॉलमवर भार वाढला की वाईट, ही सवय. पण वॉलच्या पायथ्याशी भार बॅलन्स पॉइंटच्या बराच खाली असतो, आणि तिथे इंटरअॅक्शन कर्व्हवर भार वाढला की मोमेंटची ताकदही वाढते. वजन म्हणजे फुकटचं प्रीस्ट्रेस, आणि भूकंपात ते पूर्ण मिळेल असं धरायचं नाही, म्हणून ०.९. ज्याला हे डुप्लिकेट वाटतं त्याने ईटॅब्स बंद करून एकदा कागद घ्यावा, एवढंच माझं मत, आणि ते तेव्हाही असंच तोंडावर सांगितलं. तिथून बोलणं बंद.

आठ दिवसांनी तपासणी करणाऱ्या सल्लागारांचा शेरा आला. एकच ओळ होती: ०.९ डेड लोडचं कॉम्बिनेशन कुठे आहे? साहेबांनी सुधारित ड्रॉइंग पाठवलं, प्रत्येक टोकाला १२ सळया २० च्या. माझा उल्लेख नव्हता, अपेक्षाही नव्हती (होती, थोडी).

माझा हिशेब हा हातचा आहे, हे आता सांगतो. दाब अगदी बाउंड्री एलिमेंटच्या मध्यावर बसतो असं धरलंय. १८०० च्या भाराला न्यूट्रल अॅक्सिस सुमारे ७०० मिमीवर येतो, त्यामुळे ते पटतं. भार खूप वाढला तर दाब मधल्या भागात सरकतो आणि ही पद्धत जास्त ताकद दाखवते. आयएस १३९२० ची स्वतःची पद्धत वेगळी आहे: मधल्या वॉलचा मोमेंट वेगळा काढून वजा करायचा, उरलेला दोन टोकांच्या अंतराने भागायचा. त्याने माझ्या आकड्यांवर ३४०० चौ. मिमीच्या वर मागणी येते, कारण तिथे मधल्या भागाला पूर्ण लांबीचा हात मिळत नाही. शिवाय वजन मदतीला येत असेल तर त्याचा फॅक्टर ०.८ घ्या, असं तो सांगतो. १२ सळया २० च्या, म्हणजे ३७७० चौ. मिमी, त्या हिशेबात बसल्या. आणि जास्त भाराचं कॉम्बिनेशन फेकू नका, दाबाकडच्या टोकाची ताकद त्यावरच तपासायची. स्टील वाढवलं की पायथ्याचा शिअरही पुन्हा बघा, हा भाग लोक हमखास विसरतात.

दुसरा प्रश्न: टोकाच्या तंतूतला दाब ०.२ एफसीकेच्या वर गेला तर बाउंड्री एलिमेंट लागतं, एम३० ला ६ न्यूटन प्रति चौ. मिमी. नुसती २०० ची सरळ वॉल धरून माझ्याकडे तो १८ येत होता, म्हणजे वादच नव्हता. वर चढत गेलं की तो ०.१५ च्या, म्हणजे ४.५ च्या खाली जाईल तिथे थांबवता येतं. तुमचा मजला तुमच्या आकड्यांवर ठरेल, मी इथून सांगू शकत नाही. जोवर एलिमेंट आहे तोवर रिंगा १०० च्या आतच आणि हुक १३५ अंशाचे. फिटर ९० चे वळवून 'नंतर ठोकतो' म्हणतात, ते ठोकत नाहीत.

राफ्टमधले १६ चे स्टार्टर काढताना आमचे फिटर मामा दोन तास माझ्याकडे बघत नव्हते. मग विचारलं, 'आता ह्या कुठे घालू?' खालच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीत गेल्या.