लाभांश की युनिटची विक्री?

नियमित उत्पन्नासाठी केवळ लाभांश देणारे शेअर घ्यावेत, हा तुमचा विचार मला पूर्ण पटत नाही. लाभांश ही वरकड कमाई वाटते, परंतु ज्या दिवशी शेअर लाभांशाविना व्यवहारात येतो, त्या दिवशी त्याचा भाव साधारण तेवढ्याच रकमेने उतरतो.

समजा, तुमच्याकडे 100 भावाचे 1000 शेअर आहेत आणि प्रत्येकी 4 लाभांश मिळाला, तर हाती 4000 येतात आणि शेअरचे मूल्य 96,000 उरते. त्याऐवजी लाभांश न वाटता नफा आतच ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडाची, म्हणजे ग्रोथ फंडाची, 100 भावाची 1000 युनिट असतील आणि त्यांतली 40 विकली, तरी हाती 4000 आणि शिल्लक 96,000 हेच. फरक करात पडतो: ती युनिट 80 ला घेतली असतील, तर 4000 पैकी नफा फक्त 800 ठरतो, उरलेले तुमचेच मुद्दल असते, लाभांश मात्र बहुतेक ठिकाणी पूर्ण उत्पन्नात धरला जातो.

विक्रीची खरी अडचण मंदीत येते. भाव 70 वर आला, तर त्याच 4000 साठी 58 युनिट विकावी लागतात आणि ती पुढच्या तेजीत परत येत नाहीत. म्हणून दोन वर्षांचा खर्च मुदत ठेवीत वेगळा ठेवा व पडत्या बाजारात त्यातूनच पैसे काढा. लाभांशही अशा वेळी हमखास मिळत नाही. 2020 मध्ये अनेक कंपन्यांनी तो कमी केला किंवा थांबवला.

मुद्दलाला हात लावताना ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांनी थोडे लाभांशाचे शेअर जरूर ठेवावेत.