स्कॅन झालं म्हणजे गोळ्या खऱ्या?

प्रश्न : वडिलांना रक्तदाबासाठी रोज टेल्मिसार्टनची गोळी चालू आहे. नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून दुसऱ्या मेडिकलमधून त्याच कंपनीच्या तीन पट्ट्या घेतल्या. बिल आहे. पहिल्या पट्टीतल्या गोळ्या हातात भुगा होत होत्या, रंगही वेगळा वाटला आणि आठवड्यात वडिलांचा रक्तदाब वाढला. दुकानदाराने माझ्यासमोर मोबाइलने क्यूआर कोड स्कॅन केला. नाव, बॅच, मुदत सगळं जुळलं. "कोड कंपनीचा आहे, माल ओरिजिनल आहे, कुठेही जा," असं म्हणाला. माझ्याकडे दोन बंद पट्ट्या शिल्लक आहेत. आता काही करता येईल का? — एक वाचक, बार्शी

उत्तर : करता येईल. पण आधी वडिलांचं बघा. शंकेची पट्टी बाजूला ठेवा, औषध मात्र बंद करू नका. डॉक्टरांना कळवून आजच दुसरीकडून गोळ्या घ्या.

आता त्या कोडविषयी. क्यूआर कोड म्हणजे चौकोनी ठिपक्यांत लिहिलेला मजकूर. तो कुणालाही तयार करता येतो आणि कुणालाही उतरवता येतो. खऱ्या पट्टीचा फोटो काढून तोच कोड हजार बनावट पट्ट्यांवर छापला, तर हजारही पट्ट्या स्कॅन होतील आणि अगदी बरोबर माहिती दाखवतील, कारण ती माहिती खऱ्या पट्टीचीच आहे. मोबाइल वाचतो ते छापलेलं. आतली गोळी त्याला दिसत नाही.

१ ऑगस्ट २०२३पासून औषध नियमांच्या परिशिष्ट एच-२ मधल्या ३०० ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात काय असावं हे नियम ९६ सांगतो : उत्पादनाचा ओळख संकेत, औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि उत्पादन परवाना क्रमांक. ही यादी नीट वाचा. प्रत्येक पट्टीला वेगळा क्रमांक द्या, असं तिच्यात कुठेही नाही. म्हणजे एका बॅचच्या सगळ्या पट्ट्यांवर एकच मजकूर असू शकतो आणि नकली माल करणाऱ्याला एवढी एकच पट्टी मिळाली की पुरे. साध्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये तर बहुधा बॅचही नसते. सुरुवातीच्या '८९०' या तीन आकड्यांवरून तो क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेने दिला, इतकंच कळतं. माल कुठे बनला, हेसुद्धा कळत नाही.

म्हणून स्कॅनचा उपयोग एकाच बाजूने होतो. कोडमधली बॅच आणि पट्टीवर छापलेली बॅच वेगळी निघाली, तर काहीतरी गडबड नक्की आहे. जुळली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. काही कंपन्या प्रत्येक पाकिटाला वेगळा क्रमांक देऊन आपल्या संकेतस्थळावर तपासायची सोय देतात. ती यापेक्षा बरी. पण तिथेही कोड उघडेल त्या पानावर विसंबू नका, कारण नकली कोड नकली पानावरही नेऊ शकतो. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा.

आता कायदा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम १७-ब मध्ये बनावट औषध कशाला म्हणायचं ते दिलं आहे. तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग असा : जे औषध एखाद्या उत्पादकाचं म्हणून विकलं जातं, पण प्रत्यक्षात त्याचं नसतं, तेही बनावटच. म्हणजे प्रयोगशाळेत टेल्मिसार्टन योग्य प्रमाणात सापडलं, तरीही पट्टी त्या कंपनीने बनवलेली नसेल तर ती बनावट ठरते. त्यामुळे नुसता प्रयोगशाळेचा अहवाल पुरत नाही, कंपनीचा जबाबही लागतो. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या दरमहा याद्यांत कंपनीचं असं उत्तर दिसतं, की ही बॅच आम्ही बनवलेलीच नाही.

त्यामुळे पहिलं पाऊल कंपनीला ई-मेल. पत्ता पट्टीवरचा किंवा कोडमधला घेऊ नका, स्वतः शोधून घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो, बिल आणि स्कॅनचा स्क्रीनशॉट जोडा आणि नेमकं विचारा : ही बॅच तुम्ही बनवली का? तिची उत्पादनाची आणि मुदतीची तारीख हीच आहे का? छपाई, फॉइल, गोळीवरची खूण तुमचीच आहे का? उत्तर लेखीच मागा.

दुसरं पाऊल अन्न व औषध प्रशासनाकडे. तुमच्यासाठी सोलापूरचे सहायक आयुक्त (औषधे). लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आधी पोलीस ठाण्यात गेलात तर ते बहुधा तुम्हाला इकडेच पाठवतील. या कायद्याच्या प्रकरण ४ मधल्या गुन्ह्यांसाठी पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येत नाही, ते काम औषध निरीक्षकाचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली भारत सरकार विरुद्ध अशोककुमार शर्मा या खटल्यात सांगितलं आहे.

निरीक्षकाने दुकानातून त्याच बॅचचा नमुना घ्यावा, हे अर्जात स्पष्ट लिहा. तुमच्याकडच्या पट्टीबद्दल "घरी नेऊन बदलली" असं दुकानदार म्हणू शकतो. कलम २३ प्रमाणे त्याच्याच फडताळातून, सीलबंद घेतलेल्या नमुन्याबद्दल तसं म्हणता येत नाही. म्हणून अर्जाला उशीर करू नका. कुणकुण लागली की तो साठा नाहीसा होतो. बॅच संपलेली असेल तर कलम २६ आहे : शुल्क भरून खरेदीदार स्वतः आपलं औषध शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो आणि त्याला सहीचा अहवाल मिळतो. त्यासाठीच त्या दोन बंद पट्ट्या बंद राहू द्या. उघडलेली पट्टी, तिचा भुगा, बिल आणि रक्तदाबाच्या नोंदी वेगळ्या पाकिटात ठेवा. बिलावर बॅच क्रमांक छापला आहे का, तेही पाहा. तो नसेल तर ही पट्टी त्याच दुकानातली, हे दाखवायला अडचण येईल.

"कोड चालला" हा दुकानदाराचा बचाव कायद्यात कुठेच नाही. त्याचा खरा बचाव कलम १९(३) मध्ये आहे : माल परवानाधारक वितरकाकडून किंवा उत्पादकाकडून घेतला, योग्य काळजी घेऊनही दोष कळला नसता, आणि आपल्याकडे तो नीट साठवून जसा आला तसाच ठेवला. म्हणजे त्याने दाखवायचं ते वितरकाचं खरेदी बिल, त्यावरची बॅच आणि साठवण. माल कुणाकडून आला हे निरीक्षकाने विचारल्यावर सांगणं कलम १८-अ प्रमाणे त्याला बंधनकारक आहे. तिथून साखळी वर जाते, आणि मूळ गुन्हेगार बहुतेक वेळा तिथेच सापडतो. दुकानदार स्वतः फसलेला असणंही शक्य आहे.

दुसरीही एक शक्यता लक्षात ठेवा. टेल्मिसार्टन ओलाव्यात खराब होतं, म्हणून गोळ्या खऱ्या असून दमट जागेत ठेवल्याने भुगा झाल्या असतील. दुकानदाराची जबाबदारी तेव्हाही संपत नाही, पण मामला वेगळा होतो. म्हणून अहवाल येईपर्यंत गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुकानाचं नाव घालून "नकली औषध" असं लिहू नका. बदनामीची नोटीस तुम्हालाच येईल.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. माल तपासायला पाठवण्याचा अधिकार आयोगालाही आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. दुकानदार उद्या पट्ट्या बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला तयार झाला, तर पैसे घ्यायला हरकत नाही. बंद पट्ट्या मात्र परत देऊ नका, आणि "तक्रार मिटली" असल्या कागदावर सही करू नका.