‘डिलिव्हर्ड’ दिसते, पण पार्सल आलेले नाही

पार्सल न मिळताच अ‍ॅपवर ‘डिलिव्हर्ड’ दिसू लागले, तर आधी सोसायटीच्या वॉचमनकडची नोंदवही पाहा आणि शेजारी विचारा. तिथे काही नसेल, तर त्याच दिवशी अ‍ॅपमधूनच तक्रार नोंदवा, कारण नुसत्या फोनवरील बोलण्याचा पुरावा तुमच्या हाती राहत नाही. तक्रारीत ‘पार्सल मिळाले नाही’ एवढेच न लिहिता पोहोच-पुरावा मागा, म्हणजे घेणाऱ्याचे नाव, सही, फोटो, आणि ओटीपी लागत असेल तर तो कधी टाकला गेला ती वेळ. डिलिव्हरीच्या नोंदीसोबतच्या फोटोत दुसऱ्याच इमारतीचे दार दिसत असेल, तर आपल्या दाराचा फोटो जोडावा. वाद बहुधा तिथेच मिटतो. डिलिव्हरीवाला ‘उद्या आणून देतो, आत्ता ओटीपी सांगा’ म्हणाला, तरी पार्सल हातात पडेपर्यंत तो सांगू नये, कारण नंतर कंपनी त्याच ओटीपीकडे बोट दाखवते.

तरीही तक्रार परस्पर बंद केली गेली, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करायचे असते. तेही न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.